डावा पाय थकलाय, पोलिओ परत आलेला नाही

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी ५६ वर्षांची आहे, लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, उजवा पाय बारीक राहिला. शाळेत पायाला आधाराचं कॅलिपर होतं, दहावीनंतर सोडलं, तेव्हापासून मांडीवर हात दाबून चालते. नोकरी केली, दोन मुलं वाढवली, कुठे अडलं नाही. पण गेल्या दीड-दोन वर्षांत माझा चांगला डावा पायच जिना चढताना थरथरतो, दुपारी तीननंतर अंगातलं सगळं संपल्यासारखं होतं, सकाळी उठल्यावर डोकं जड असतं. डॉक्टर म्हणतात वय झालं, वजन कमी करा. मुलाने ट्रेनरला विचारून उठाबशा सुरू केल्या, तीन दिवस केल्या आणि चौथ्या दिवशी पाय उचलेना. घरचे म्हणतात सवय नाही म्हणून होतंय, चालू ठेव. पोलिओ परत आलाय का? व्यायाम वाढवू की बंद करू? सरकारी नोकरीची अजून दोन वर्षं बाकी आहेत.
– एक वाचक, लालबाग

उत्तर :

ताई, उठाबशा आजपासून बंद. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी. आणि पोलिओ परत आलेला नाही, तो विषाणू तुमच्या अंगात आता नाही, तुमच्यापासून नातवंडांना वगैरे काही होणार नाही. तुम्ही जे लिहिलंय ते पोस्ट-पोलिओ सिंड्रोमसारखं दिसतं. पोलिओ होऊन गेल्यावर माणूस सावरतो, मग १५ वर्षं किंवा त्याहून जास्त, बऱ्याचदा तीस-चाळीस वर्षं सगळं स्थिर असतं, आणि नंतर नवीन अशक्तपणा सुरू होतो आणि वर्षभराहून जास्त टिकतो. तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. नैसर्गिक विषाणूने झालेल्या पोलिओचा भारतातला शेवटचा पेशंट १३ जानेवारी २०११ ला हावड्याला सापडला आणि २०१४ मध्ये आपण पोलिओमुक्त झालो, त्यामुळे आजच्या बऱ्याच डॉक्टरांनी पोलिओ झालेला माणूस तपासलेलाच नसतो, मग त्याचा पन्नाशीनंतरचा त्रास ओळखणार कुठून.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही डाव्या पायाला चांगला पाय म्हणता, घरचेही म्हणतात, पण माझी जवळजवळ खात्री आहे की पोलिओ त्या पायालाही झाला होता. पोलिओचा विषाणू पाठीच्या मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो, आणि मारताना तो उजवं-डावं असं नीट बघून मारत नाही. उजवीकडच्या खूप पेशी गेल्या म्हणून तो पाय बारीक राहिला, डावीकडच्या काही गेल्या पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण निम्म्याच्या आसपास पेशी गेल्या तरी स्नायू साध्या तपासणीत धडधाकट वाटू शकतो. ज्या पेशी उरल्या त्यांनी नवीन फांद्या काढल्या आणि पोरके झालेले स्नायूतंतू दत्तक घेतले. एका घरातल्या कर्त्या माणसाने चार घरांची पोरं सांभाळावीत तसं ते आहे, पन्नास वर्षं सांभाळली, आता त्याच्याने होत नाही म्हणून एकेकाचा हात सुटायला लागतो. हे हळूहळू होतं, वर्षानुवर्षं चालतं.

म्हणून उठाबशांनी पाय उचलेनासा झाला. ज्याच्या सगळ्या पेशी शाबूत आहेत त्याचा स्नायू दमला की दोन दिवसांत भरून येतो आणि आणखी मजबूत होतो, ट्रेनरचं सगळं शास्त्र त्यावर चालतं आणि त्यात त्याची काही चूक नाही. पण तुमच्या डाव्या मांडीत राखीव असं काही उरलेलंच नाही, ती रोजच्या चालण्या-चढण्यातच पूर्ण ताकदीच्या जवळ काम करतेय, दिवसभर, रोज. तिला वर उठाबशा दिल्या की ती मजबूत होत नाही, मागे जाते.

पण हे पोस्ट-पोलिओच आहे असं पत्रावरून मी ठरवू नये, आणि तुम्हीही ठरवू नका. ह्याची वेगळी अशी रक्ततपासणी नाही, बाकीची कारणं बाजूला केल्यावर जे उरतं ते हे. थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२, डी व्हिटॅमिन आणि स्नायूंसाठी सीपीके एवढं करून घ्या. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, काहींना त्या गोळ्यांनीही स्नायू दुखतात आणि अशक्त होतात, पण स्वतःहून बंद करू नका. आणि एक खूण लक्षात ठेवा: पोलिओ स्पर्शाची जाणीव घालवत नाही. पायाला मुंग्या, बधिरपणा, चप्पल निसटली तरी न कळणं, असं काही असेल तर ते पोलिओचं नाही, मणका किंवा साखर किंवा नस दबलेली असं काहीतरी दुसरं आहे आणि ते वेगळं शोधावं लागेल. अशक्तपणा काही आठवड्यांतच झपाट्याने वाढला किंवा लघवीवरचा ताबा गेला तर लगेच हॉस्पिटल गाठायचं, वाट बघायची नाही.

तुमच्या पत्रात दिवसाचं वेळापत्रक नाही, म्हणून मी लालबागहून फोर्टला जाणाऱ्या बाईचा साधारण दिवस धरून चालते, तुम्ही तुमचा बसवून घ्या. सकाळी नळाला पाणी आलं की बादल्या, मग ओट्याशी उभं राहून पोळ्या-भाजी-डबे, मध्ये एकदा खाली दुधाला किंवा कोथिंबिरीला, आंघोळ, करी रोडचा जिना, लोकल, सीएसएमटीपासून ऑफिसपर्यंत चालणं, संध्याकाळी परत तेच आणि घरी आल्यावर पुन्हा ओटा. ह्यात सगळ्यात महाग काय पडतं माहितीय का, जिना. चाळीच्या पायऱ्या उंच, दोन मजले म्हणजे चाळीस-एक पायऱ्या. तुम्ही नक्कीच चढताना डावा पाय आधी टाकता आणि उतरताना उजवा आधी, बरोबरच आहे ते, तसंच शिकवतात. पण त्याचा अर्थ बघा, चढताना सगळं वजन डावी मांडी उचलते आणि उतरतानाही डावाच गुडघा हळूहळू वाकून सगळं वजन खाली सोडतो. म्हणजे उतरणं फुकट नाहीये, दोन्ही वेळचं बिल डाव्याच पायाला. दिवसातून तीन फेऱ्या झाल्या तर सव्वाशेच्या आसपास पायऱ्या वर आणि तितक्याच खाली, त्यात स्टेशनच्या धरल्याच नाहीत.

म्हणून पहिलं काम, जिन्याची एकच फेरी. सकाळी ऑफिसला खाली, संध्याकाळी वर, बस. दुधासाठी दोरीला पिशवी बांधून गॅलरीतून सोडायची पद्धत अजून चाळीत आहे, ती सुरू करा, भाजी मुलांनी येताना आणावी. आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना सांगा, एक फोल्डिंगची भिंतीला लावून ठेवली तर कुणाच्या वाटेत येत नाही. तिथे बसायचंच, दोन-तीन मिनिटं, पाय थरथरायच्या आधी. थरथर सुरू झाल्यावर बसलात तर उशीर झाला, कारण थरथर म्हणजे स्नायू आधीच हद्दीपलीकडे गेलाय. हे सगळ्यांना कठीण जातं, आपल्याला सवय असते दमल्यावर बसायची, आणि मी सांगतेय दमायच्या आधी बसा. लोकं बघतील, दमलेली दिसत नाही तरी बसलीय म्हणतील. म्हणू देत.

ओट्याचंही तसंच. घड्याळ लावून बघा, किती मिनिटांनी पाय थरथरतो किंवा तुम्ही ओट्यावर कोपर टेकायला लागता. समजा वीस मिनिटं, तर तुमची वेळ दहा मिनिटं, दहा झाली की बसायचं. त्याहून बरं म्हणजे उंच स्टूल घ्या, ओट्याच्या उंचीला जमेल असं, आणि पोळ्या बसूनच लाटा. ओट्याखाली गुडघे जात नाहीत म्हणून बायका स्टूल घेतात आणि दोन दिवसांत कोपऱ्यात टाकतात, तर खालच्या कपाटाचं एक दार काढून टाका, पाय आत जातात, कंबर वाकत नाही. विळीवर जमिनीवर बसून चिरणं बंद, कारण चिरण्याला काही लागत नाही पण जमिनीवरून उठायला तुमची एक मांडी अख्ख्या जिन्याइतकं काम करते. बादल्या उचलू नका, नळाला पाइप लावून पिंपात सोडा. पलंग आणि रोजची खुर्ची उंच करा, खाली लाकडी ठोकळे लावून, बसल्यावर मांडी गुडघ्यापेक्षा थोडी वर राहील इतकी, म्हणजे उठताना जोर लागत नाही.

संडासबद्दल कुणी विचारत नाही म्हणून मीच विचारते. भारतीय पद्धतीचा असेल तर रोज तिथे बसून उठणं म्हणजे एका पायावरची उठाबशीच आहे, तीही भिंतीला धरून. भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची मेडिकलच्या सामानाच्या दुकानात मिळते. संडास सार्वजनिक असेल तर ती हलकी घ्या आणि नेणं-आणणं घरातल्या कुणीतरी करावं, ह्यात लाजायचं काही नाही, ही वस्तू तुमच्या कॅलिपरइतकीच उपचाराचा भाग आहे.

कॅलिपरचा विषय निघालाच. मला माहितीय तुम्ही ते का सोडलं असेल, तेव्हाचं लोखंडी, चामड्याचे पट्टे, जड बूट, गुडघ्याचं कुलूप उघडताना खाट्कन आवाज यायचा आणि अख्खा वर्ग बघायचा. ते टाकून दिलं तो दिवस कित्येकांना मोकळं झाल्यासारखा वाटला होता, म्हणून आता परत घाला म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं, मी हे पुष्कळदा बघितलंय. तरी सांगते. तुम्ही उजव्या मांडीवर हात दाबून चालता कारण उजवा गुडघा अंगाचं वजन घेऊन सरळ राहत नाही, हाताने मागे ढकलून तुम्ही त्याला लॉक करता. त्यात कंबर प्रत्येक पावलाला पुढे वाकते, उजवा खांदा-मनगट झिजतं, आणि उजव्या पायावर तुम्ही क्षणभरच थांबता, म्हणून डावा पाय स्वतःचंही काम करतो आणि उजव्याचंही. उजव्या पायाला आधार मिळाला तर तो आपला वाटा उचलेल आणि डाव्याचं ओझं उतरेल. औषध डाव्या पायासाठी आहे, पण घालायचं उजव्याला. आजची कॅलिपर पॉलीप्रोपिलिन प्लॅस्टिकची असतात, जुन्यापेक्षा बरीच हलकी, सलवारखाली किंवा साडीखाली दिसत नाहीत.

फक्त ते बनवणाऱ्याला एक गोष्ट नक्की सांगा. तुमचा उजवा गुडघा उभं राहताना थोडा मागे जात असेल तर तो बघून एखाद्याला वाटेल की हे वाकडं आहे, एकदम सरळ करून टाकू. तसं करू देऊ नका. ते थोडंसं मागे जाणंच तुमचं कुलूप आहे, पन्नास वर्षं त्याच्या जोरावर तुम्ही उभ्या आहात, ते पूर्ण काढलं तर पाय पटकन दुमडून पडाल. खूप जास्त मागे जात असेल तर आवरायला हवं, पण थोडं ठेवूनच. नवीन कॅलिपर पहिल्या दिवशीच ऑफिसला घालून जायचं नाही, घरात एक तास, मग दोन, चामडी लाल होऊन तशीच राहिली तर परत जाऊन कॅलिपर घासून घ्यायचं.

आता व्यायाम. पूर्ण बंद हेही चूक, कारण पडून राहिलं की जो स्नायू चांगला आहे तोही जातो, वजन वाढतं आणि वाढलेला प्रत्येक किलो त्याच डाव्या मांडीवर येतो. पण कुठल्या स्नायूला व्यायाम द्यायचा हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू नये, मी पण नाही. फिजिओथेरपिस्ट किंवा रिहॅबचे डॉक्टर प्रत्येक स्नायूला हाताने जोर देऊन ० ते ५ मार्क देतात. ३ म्हणजे तो स्नायू स्वतःच्या अवयवाचं वजन उचलतो पण त्यावर बोटभर दाब दिला की पडतो. ३ च्या खाली असलेल्या स्नायूला ताकदीचा व्यायाम द्यायचा नाही, फक्त आखडू नये म्हणून हलवायचा. जे ४ किंवा जास्त आहेत त्यांना हलका द्यायचा, दोन-तीन मिनिटं करायचं, मिनिटभर थांबायचं, पुन्हा करायचं, आठवड्यातून तीनदा, एक दिवस आड. दंड-खांदे चांगले असतील तर बसून हातांचा व्यायाम दम वाढवायला चालतो. पाण्यातला व्यायाम पोलिओवाल्यांना खूप मानवतो पण पाणी कोमट हवं, थंड पाण्यात पोलिओचा पाय निळसर पडतो आणि आणखी गळतो, म्हणून साध्या स्विमिंग पूलमध्ये डिसेंबर-जानेवारीत उतरू नका. एसीच्या ऑफिसातही उजव्या पायात लोकरी मोजा घाला, फरक जाणवेल.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? एक वही करा, दोन आठवडे. काय केलं, किती वेळ, किती जड गेलं ते दहापैकी, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा होता. साधा थकवा रात्रीच्या झोपेने जातो. सकाळीही पाय कालच्यासारखाच जड असेल, रात्री पोटऱ्यांत गोळे आले असतील, किंवा मांडीचं मांस आपोआप फडफडत असेल, तर काल हद्द ओलांडली होती. मग कालच्या दिवसातून काय कमी करता येईल ते बघायचं, आजचा दिवस पडून काढायचा नाही. मी वाचलेल्या वह्यांमध्ये बरेचदा एकच नमुना दिसतो, सोमवार-मंगळवार जोरात, बुधवारी जरा कमी, आणि शनिवारी बरं वाटलं म्हणून माळ्यावरचं सामान काढलं, की पुढचा सोमवार वाया. बरं वाटण्याचा दिवसच जपायचा असतो.

दुपारी तीनची गोष्ट पण ह्यातूनच सुटेल. तीनला संपता कारण सकाळी नऊपर्यंतच दिवसाचं निम्मं खर्च झालेलं असतं. डब्याची भाजी रात्री चिरून ठेवा, कणीक दुसऱ्या कुणी मळावी, आणि ऑफिसमध्ये जेवल्यावर वीस मिनिटं खरोखर आडवं व्हायला जागा मागा. टेबलावर डोकं टेकवून भागत नाही, पाठ आणि पाय दोन्ही सुटायला हवेत. लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा वापरा, आजवर वापरला नसेल तरी. ऑफिसकडे लेखी मागणी करायची, तुमचं टेबल खालच्या मजल्यावर, येण्या-जाण्याची वेळ गर्दी सोडून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सरकारी ऑफिसने अशा सोयी द्यायच्या असतात आणि नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता किंवा खालच्या पदावर टाकता येत नाही. तुमचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट जुन्या काळातलं फक्त उजव्या पायाचं असणार, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र करताना डाव्याचीही नव्याने तपासणी करून मागा.

सकाळचं डोकं जड होण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नका, तुम्ही ते जाता जाता लिहिलंय पण मला ते जिन्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. पोलिओने श्वासाचे स्नायूही थोडे कमजोर केलेले असू शकतात, झोपेत श्वास उथळ होतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सकाळी डोकं दुखतं, दिवसा पेंग येते, सपाट झोपलं की गुदमरतं म्हणून उशा वाढतात. फुप्फुसांची तपासणी बसून आणि झोपून अशी दोन्ही करायला सांगा, आणि झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी. गरज निघाली तर श्वासाला मदत करणारं, रात्री लावायचं बायपॅप मशीन देतात आणि ते लावल्यावर काही लोकांचा अर्धा थकवा त्यानेच जातो. नुसता ऑक्सिजन कुणी सुचवला तर आधी कार्बन डायऑक्साइड मोजायला सांगा, अशा पेशंटमध्ये एकटा ऑक्सिजन उलटू शकतो. जेवताना वारंवार ठसका लागत असेल तर तेही सांगा. आणि पुढे कधी कुठलंही ऑपरेशन झालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगायचं की पोलिओ झालेला आहे, कारण तुम्हाला भुलीची आणि स्नायू सैल करण्याची औषधं नेहमीच्या माणसापेक्षा जास्त लागू पडू शकतात.

स्नायूंची ताकद परत आणणारी गोळी ह्या आजारावर नाही. पायरिडोस्टिग्मिन नावाची गोळी तपासून झाली, ठोस फायदा दिसला नाही, स्टेरॉइडचंही तेच. कुणी ताकदीच्या इंजेक्शनांचा कोर्स म्हणून हजारो रुपये मागितले तर पैसे ठेवून घ्या आणि त्यातून स्टूल, कमोड खुर्ची आणि कॅलिपर आणा.

दाखवायला लांब जायची गरज नाही. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे, तिथे डॉक्टर, फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपी आणि कॅलिपर बनवणारा वर्कशॉप एकाच आवारात आहे. त्या दिवशी टॅक्सी करा, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. दोन आठवड्यांची वही, रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्यांची नावं सोबत न्या, आणि चप्पल नवी घालून जाऊ नका. जुनीच न्या, दोन्ही पायांची, टाच कुठे झिजलीय आणि डावीची किती जास्त झिजलीय हे बघून तपासणाऱ्याला तुमच्या चालण्याचं निम्मं कळतं.